तोट्यात कोण, बुश की स्पेशल?

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सकाळी पोचलो तेव्हा सीएनसी मशीन बंद होतं. बिघाड नव्हता, सेटिंग चालू होतं. सेटरने आधीच्या जॉबचे जॉ काढून नवे बसवले, टूल बदलले, ऑफसेट घातला, एक पीस काढून मायक्रोमीटरने मोजला आणि बाजूला टाकला. पुन्हा ऑफसेट, पुन्हा पीस. चौथा मापात आला. तो क्वालिटीच्या टेबलावर गेला आणि तिथून ओके येईपर्यंत मशीन उभंच राहिलं. एवढा खटाटोप स्टेनलेस स्टीलच्या पन्नास पीससाठी होता. शेजारच्या मशीनवर मात्र दुचाकीत बसणारा बुश सोमवारपासून एकसारखा निघत होता.

मालकांनी मला बोलावलं होतं ते या बुशसाठीच. गिऱ्हाईक एका बुशला 63 रुपये देत होतं आणि वहीप्रमाणे खर्च येत होता 65. उलट स्टेनलेसचे स्पेशल जॉब 380 रुपयांना जात होते आणि त्यांचा खर्च 305 दिसत होता. "बुश सोडून देतो आणि स्पेशल वाढवतो. तुमचं काय मत?" त्यांनी विचारलं.

हे 65 आणि 305 आले कुठून? इथून पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत. मटेरियल आणि ऑपरेटरची मजुरी प्रत्येक जॉबवर थेट मोजता येते: बुशला 40 रुपये, स्पेशलला 180. प्रश्न असतो वरखर्चाचा, म्हणजे ओव्हरहेडचा. वीज, घसारा, देखभाल, सेटरचा पगार, तपासणी, परचेस, स्टोअर, डिस्पॅच असं सगळं मिळून वर्षाला 30 लाख रुपये. हा खर्च कोणत्याच पीसवर लिहिलेला नसतो, तो वाटावा लागतो. वर्कशॉपची मशीनं वर्षात 6,000 तास चालली. 30 लाखांना 6,000 ने भागलं की ताशी 500 रुपये. हाच मशीन अवर रेट. बुशला तीन मिनिटं लागतात, म्हणून 25 रुपये. स्पेशलला पंधरा मिनिटं, म्हणून 125. वर्षाला बुश निघतात एक लाख आणि चाळीस तऱ्हांचे स्पेशल मिळून चार हजार.

ही पद्धत मूर्खपणाची नाही. कारखान्यात एकच माल निघत असेल किंवा सगळे जॉब साधारण सारखे असतील तर ती पुरेशी आहे. पण तिच्या पोटात एक गृहीतक असतं: मशीन जितका वेळ चालतं तितका वरखर्च होतो. त्या सकाळी माझ्यासमोर मशीन बंद होतं आणि खर्च मात्र चालूच होता.

म्हणून आम्ही 30 लाखांची फोड केली. त्यासाठी ऑफिसात बसून चाललं नसतं. सेटरजवळ उभं राहून वेळ लिहिली, स्टोअरची आणि डिस्पॅचची कागदपत्रं मोजली. वीज, घसारा, देखभाल हे 15 लाख खरोखरच मशीनच्या तासांवर अवलंबून होते, म्हणजे ताशी 250 रुपये. सेटिंगवर 6 लाख जात होते आणि वर्षात सेटिंग झाली होती 100, म्हणजे दर सेटिंगला 6,000. पहिल्या पीसची तपासणी आणि रिपोर्ट यांवर 3 लाख, दर लॉटला 3,000. परचेस, स्टोअर आणि डिस्पॅचवर 6 लाख, आणि असे व्यवहार 300, म्हणजे दर व्यवहाराला 2,000. खर्च ज्या कामामुळे होतो त्या कामाच्या मापाने तो वाटायचा, यालाच अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणतात.

आता बुश पाहा. तो पाच-पाच हजारांच्या वीस लॉटमध्ये निघतो. मशीनचे 12.5 लाख, वीस सेटिंगचे 1.2 लाख, तपासणीचे 60 हजार, साठ व्यवहारांचे 1.2 लाख, एकूण 15.5 लाख. म्हणजे एका बुशवर वरखर्च 25 नव्हे, साडेपंधरा रुपये. खर्च 55.50 आणि भाव 63.

स्पेशल जॉब निघतात पन्नास-पन्नासच्या ऐंशी लॉटमध्ये. मशीनचे फक्त 2.5 लाख, पण सेटिंगचे 4.8, तपासणीचे 2.4 आणि 240 व्यवहारांचे 4.8 लाख. एकूण 14.5 लाख चार हजार पीसवर, म्हणजे पीसला 362 रुपये 50 पैसे. त्यात 180 मिळवले की 542.50. भाव 380. जो जॉब 75 रुपये कमावतोय असं वाटत होतं, तो 162 रुपये 50 पैसे खात होता.

वर्षाचा एकूण नफा दोन्ही हिशेबांनी लाखभरच येतो. म्हणूनच ही चूक ताळेबंदात कधी सापडत नाही. ती सापडते बाजारात. मोठ्या ऑर्डरचं कोटेशन आपलंच सर्वांत महाग ठरतं आणि किचकट, थोड्या पीसची ऑर्डर घासाघीस न होता मिळते, तेव्हा वही तपासावी. अमेरिकेत आयोवातल्या वॉटर्लू इथे ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअर कंपनीचा सुटे भाग बनवणारा विभाग 1980च्या दशकात अशाच कोड्यात सापडला होता. मोठ्या संख्येच्या भागांची कामं बाहेरचे पुरवठादार स्वस्तात घेऊन जात आणि थोड्या संख्येचे भाग या विभागाच्या वाट्याला येत. हार्वर्डच्या रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी तिथल्या हिशेबाचा अभ्यास मांडला आणि ही पद्धत जगभर पोचली.

मालकांना मी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला स्वतःला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. 362.50 हा आकडासुद्धा खरा नाही, ती सरासरी आहे. स्पेशलचा एक लॉट लावायचा म्हटलं की सेटिंगचे 6,000, तपासणीचे 3,000 आणि तीन व्यवहारांचे 6,000 असे 15,000 रुपये जातातच, मग पीस दहा काढा की पाचशे. पन्नासच्या लॉटमध्ये ते पीसला 300 पडतात, दोनशेच्या लॉटमध्ये 75. 380 रुपयांच्या भावात साधारण 110 पीसच्या खाली तोटा आहे, वर नफा आहे. म्हणजे स्पेशल जॉब वाईट नव्हते, त्यांचे लॉट लहान होते.

पुढच्या कोटेशनमध्ये भाव दोन भागांत लिहिला गेला: लॉटचे अमुक आणि पीसचे तमुक. काही गिऱ्हाइकांनी वर्षाची मागणी एकदम दिली, काहींनी पाठ फिरवली.

इथे एक सावधगिरी लागते. सेटिंग ऐंशीवरून वीसवर आली म्हणून साठ गुणिले 6,000 रुपये खिशात पडत नाहीत. सेटरचा पगार तेवढाच राहतो, वाचतो तो त्याचा वेळ. शिवाय सेटर वर्षाला दीडशे सेटिंग करू शकत असेल आणि काम शंभराचंच असेल, तर 6 लाखांना शंभराने भागल्यावर रिकाम्या वेळाचा भारही जॉबवर चढतो. कॅप्लन यांनी स्टीव्हन अँडरसन यांच्याबरोबर 2004 मध्ये मांडलेली सुधारित पद्धत नेमकं हेच टाळते. ती झालेल्या कामाने नव्हे, उपलब्ध वेळाने भागते आणि न वापरलेली क्षमता वेगळी दाखवते. माणसांना "तुमचा वेळ कशाकशात जातो?" असं विचारलं तर उत्तरांची बेरीज नेहमी शंभर टक्के होते, रिकामा वेळ कुणी सांगत नाही. म्हणून घड्याळ लावून लिहिलेली नोंद हवी. वॉचमनचा पगार किंवा शेडचं भाडं यांना तर कुठल्या कामाचं माप लावताच येत नाही. ते ओढूनताणून पीसवर चढवू नये, वेगळं ठेवावं.

सेटिंग कमी झाल्यावर मोकळी झालेली मशीनं रिकामी राहिली असती तर नवा हिशेब कागदावरच राहिला असता. मालकांनी ते तास बुशच्याच गिऱ्हाइकाला देऊ केले, दुसऱ्या मापाच्या बुशसाठी. सेटरने मशीनच्या दारावर एक वही टांगली आहे. जॉब उतरवल्याची वेळ आणि पहिला ओके पीस निघाल्याची वेळ तो तिच्यात लिहितो.