आयोवाचा मका, लुईझियानाची कोळंबी

जुलैचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याच्या किनाऱ्यावरून एक संशोधन-नौका निघते. मिसिसिपी नदीच्या मुखापासून पश्चिमेला टेक्सासच्या दिशेने जाताना ती ठरलेल्या जागी थांबते आणि प्राणवायू मोजणारं उपकरण समुद्राच्या तळापर्यंत सोडते. वरचं पाणी उबदार आणि हिरवट असतं. त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला सहा-सात मिलिग्रॅम, म्हणजे माशांना हवा तेवढा असतो. उपकरण खाली जाऊ लागलं की आकडा घसरतो, आणि तळाच्या चिखलाला टेकण्याआधी अनेक ठिकाणी तो दोनच्या खाली येतो. काही ठिकाणी तर जवळजवळ शून्यावर.

यंत्राच्या आकड्याची खातरजमा करायला आजही एक जुनी पद्धत कामी येते. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८मध्ये शोधली. तळाचं पाणी हवा न लागू देता बाटलीत भरायचं आणि त्यात मँगनीजचा क्षार व अल्कली टाकायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो, नसेल तर साका पांढराच राहतो. मेक्सिकोच्या आखातातल्या या पट्ट्यात भर उन्हाळ्यात पांढरा साका दिसला, तर कुणाला फारसं नवल वाटत नाही.

दोन मिलिग्रॅमची रेषा कुणी टेबलावर बसून ठरवलेली नाही. तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटींना प्राणवायू याहून खाली गेलेल्या पाण्यात कोळंबी किंवा तळाचे मासे मिळेनासे होतात, असं दिसून आलं. तिथून हा आकडा आला. त्याखालच्या पट्ट्याला बोली भाषेत ‘डेड झोन’ म्हणतात. नाव थोडं फसवं आहे. त्याच जागी वरच्या पाण्यात मासे मजेत पोहत असतात, मरण असतं ते तळाशी. मासा किंवा खेकडा पळू शकतो. चिखलात बीळ करून राहणारे किडे, शिंपले, ठिसूळ भुजांचे तारामासे कुठे जाणार? प्राणवायू आणखी उतरला की ते आधी बिळातून बाहेर येतात, चिखलावर ताणून पडतात आणि मरतात. नंतर तळाची माती काळी पडते, तिच्यावर गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंची पांढरी जाळी पसरते आणि पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो.

नॅन्सी राबालेस या सागरवैज्ञानिक आणि त्यांचे सहकारी १९८५पासून या पट्ट्याचा नकाशा काढत आले आहेत. सर्वांत मोठा पट्टा २०१७ साली नोंदवला गेला. तो २२,७३० चौरस किलोमीटरचा होता. त्यात सहा गोवे सहज मावले असते.

हे घडतं कसं, हे समजायला दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे पाण्याचे थर. मिसिसिपी आणि तिचा फाटा अचाफलाया मिळून अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या सुमारे ४१ टक्के भागाचं पाणी या आखातात आणून सोडतात. नदीचं गोडं पाणी हलकं, समुद्राचं खारं पाणी जड. उन्हाळ्यात वारा पडलेला असतो आणि ऊन वरचं पाणी आणखी तापवतं. मग गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं बसतं आणि वरचा प्राणवायू खाली पोचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नदीबरोबर येणारं नत्र आणि स्फुरद. शेतात मक्याला जे लागतं, तेच समुद्रातल्या सूक्ष्म शैवालालाही लागतं. वसंतात खताने भरलेलं पाणी आखातात पोचतं आणि शैवाल भरभरून वाढतं. त्यातलं थोडं सूक्ष्म प्राणी खातात. न खाल्लेलं मरतं आणि खाल्लेल्याची विष्ठा होते. दोन्ही तळाला बसतं आणि जिवाणू ते कुजवायला घेतात. कुजवताना ते प्राणवायू वापरतात. झाकण घट्ट असल्यामुळे वापरलेला प्राणवायू भरून येत नाही. म्हणजे शैवाल स्वतः कुणाला गुदमरवत नाही, गुदमरवतं ते त्याचं कुजणं.

एखादं वादळ आलं की झाकण उडतं. जुलै २०२०मध्ये ‘हॅना’ वादळाने पाणी ढवळून काढलं आणि त्या वर्षी पट्टा साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या आत राहिला. दुष्काळात नदीचं पाणी आटतं, तेव्हाही तो लहान होतो. १९८८च्या दुष्काळात तर तो जेमतेम ४० चौरस किलोमीटर भरला. म्हणून एखाद्या वर्षी आकडा खाली आला की लगेच पाठ थोपटून घेण्यात अर्थ नसतो. आधी हवामान पाहावं लागतं.

हे नत्र येतं कुठून? अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने २००८मध्ये दिलेल्या अंदाजानुसार आखातात येणाऱ्या नत्रापैकी सुमारे ५२ टक्के वाटा मका आणि सोयाबीनच्या शेतांचा आहे. शहरांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत. सारा रोख वळतो तो वरच्या अंगाच्या आयोवा, इलिनॉय, इंडियाना या राज्यांकडे.

आयोवाची जमीन काळी आणि कसदार, पण मुळात पाणथळ. ती पिकाखाली आणण्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी दीडशे वर्षांपासून जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या पुरल्या. पूर्वी त्या भाजलेल्या मातीच्या असत, आता सच्छिद्र प्लॅस्टिकच्या असतात. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमीन सुधारायला शेतकरी सच्छिद्र पाइप घालतात, त्यातलाच हा प्रकार. पाऊस पडला की जास्तीचं पाणी या नळ्यांतून ओढ्यात जातं आणि पीक वाचतं. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं आणि मातीला चिकटून राहत नाही. त्यामुळे तेही त्याच वाटेने बाहेर पडतं.

त्यात वेळापत्रकाची अडचण आहे. मक्याची कापणी शरदात होते आणि पुढचा मका जोर धरतो तो जूनमध्ये. मधले सात-आठ महिने रान उघडं असतं. काही शेतकरी कापणीनंतर लगेच, हिवाळ्याआधीच, अमोनिया जमिनीत सोडतात. तेव्हा तो स्वस्त पडतो आणि हाताला सवडही असते. पण वसंतात जमीन उबदार झाली की मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते घ्यायला मुळंच नसतात. शिवाय काळ्या मातीतला जुना सेंद्रिय साठाही त्याच सुमारास नायट्रेट सोडतो. म्हणजे खताची मात्रा कमी केली म्हणून गळती थांबेलच असं नाही. उघडं रान आणि खालची नळी ही जोडी आहे तोवर ती चालूच राहते. अर्थात मात्राही जरा सढळच पडते. एक गोणी जास्त टाकली तर पीक काही बिघडत नाही, हा हिशेब महाराष्ट्रातल्या ऊसवाल्यालाही नवा नाही.

याचा त्रास फक्त दीड हजार किलोमीटर खालच्या कोळ्यांनाच होतो असं नाही. आयोवाची राजधानी दे मॉईन रकून नदीचं पाणी पिते, आणि ते पिण्यालायक करण्यासाठी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नायट्रेट काढणारं खास यंत्र बसवावं लागलं. २०१५मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या अंगाच्या तीन काउंटींतल्या निचरा-मंडळांवर दावा ठोकला. मुद्दा साधा होता. अमेरिकेच्या १९७२च्या जलशुद्धी कायद्यानुसार कारखान्याच्या नळीतून घाण पाणी सोडायला परवाना लागतो, शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याला लागत नाही. मग शेताखालची नळी ही नळी नाही का? २०१७मध्ये दावा फेटाळला गेला. या मंडळांवर असा दावाच चालू शकत नाही, असं न्यायालयाने धरलं, आणि नळीचा प्रश्न अनुत्तरित राहिला. पुढे २०२५च्या उन्हाळ्यात नायट्रेट इतकं चढलं की शहर आणि आसपासच्या लोकांना हिरवळीवर पाणी मारायला बंदी करावी लागली.

खाली लुईझियानात कोळंबी गायब होत नाही, ती सरकते. गुदमरलेल्या पट्ट्याच्या कडेला ती दाटीने गोळा होते आणि ट्रॉलर त्या कडेकडेने जाळी ओढतात. त्यामुळे एकूण मासळी कमी झाली असं ठामपणे दाखवणं अभ्यासकांना जड गेलं. अखेर २०१७मध्ये अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने बाजारभाव तपासले, तेव्हा खूण सापडली. पट्टा पसरलेल्या काळात मोठी कोळंबी लहान कोळंबीच्या तुलनेत महाग होत होती. वाढीला जागा कमी पडल्याने मोठ्या आकाराचा माल घटत होता, आणि मोठ्या मालाचाच पैसा होतो.

इथे गोव्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण गोंधळ होऊ शकतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्यात आणि त्यानंतर तळाशी कमी प्राणवायूचं पाणी येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ते अनेक वर्षं मोजलं आहे. पण तिथे मुख्य कारण नैसर्गिक आहे. मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्राच्या खोलातलं, आधीच प्राणवायू संपलेलं पाणी किनाऱ्याजवळ वर चढतं आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा थर त्याला झाकून टाकतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं, की खतांची भर पडल्याने ही अवस्था तीव्र होत असावी. मिसिसिपीचा दोष थेट शेताकडे जातो, तसा इथे जात नाही.

मग उपाय चालतात का? काळ्या समुद्रात अजाणतेपणी तसा प्रयोग झाला. डॅन्यूबच्या मुखापाशी १९७० आणि ८०च्या दशकांत असाच मोठा पट्टा तयार झाला होता. १९८९नंतर पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळल्या, खतांची सरकारी मदत आटली आणि काही वर्षांत पट्टा जवळजवळ नाहीसा झाला. आयोवात असं कुणी करणार नाही आणि करूही नये. तिथे पर्याय बरेच साधे आहेत. हिवाळ्यात रान उघडं न ठेवता राय पेरायची. नळीच्या तोंडाशी खड्डा खणून त्यात लाकडाचे तुकडे भरायचे आणि पाणी त्यातून जाऊ द्यायचं. प्राणवायू नसलेल्या त्या खड्ड्यात जिवाणू नायट्रेट वापरतात आणि त्याचा निरुपद्रवी नत्रवायू करून हवेत सोडतात. समुद्रात ज्या अवस्थेने तळाचे जीव मरतात, तीच अवस्था इथे हाताशी धरलेली असते.

परिणाम मात्र लगेच दिसणार नाही. मातीत आणि भूजलात दशकांचं नत्र साठलेलं आहे. २०१८मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार आज जास्तीचं नत्र पूर्ण थांबलं, तरी आखात सुधारायला काही दशकं लागतील. पट्टा सरासरी ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आणण्याची सरकारी मुदत आधी २०१५ होती, ती आता २०३५ आहे. २०२४मध्ये तो १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठा भरला. आयोवाने २०१३मध्ये नत्र-स्फुरद घटवण्याचा आराखडा केला, पण तो ऐच्छिक ठेवला. हिवाळ्यात राय पेरायची की रान उघडं टाकायचं, हे आजही तिथल्या शेतकऱ्याच्या मर्जीवर आहे.