सोळाशे मीटर पळालो, म्हणजे शीर बरी झाली?

जालन्यात पोलीस भरतीची हवा सुरू झाली की माझ्याकडे येणाऱ्या पोरांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "सर, आता काहीच दुखत नाही. काल सोळाशे मारलं, आरामात!" पंधरा दिवसांपूर्वी पळताना मांडीला मागून चमक निघालेली, दोन-तीन दिवस लंगडणं झालेलं, कोणीतरी तेल लावून दिलेलं आणि आता दुखायचं थांबलेलं. उद्या शंभर मीटरची ट्रायल द्यायची, मी फक्त मान डोलवायची बाकी. मी डोलवत नाही. त्यातले काही तरीही पळतात आणि साठ-सत्तर मीटरवर मांडी धरून खाली बसतात. जागा तीच, जखम आधीपेक्षा मोठी.

दुखणं थांबलं म्हणजे स्नायू जुळला, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पोरांना दोष देऊन उपयोग नाही, कारण बोट कापलं की ते दुखायचं थांबतं तेव्हा खरंच बरं झालेलं असतं. मांडीच्या मागच्या स्नायूचं तसं नाही.

आधी ही 'शीर' म्हणजे काय ते पाहू. बसताना जी हाडं खाली टेकतात, तिथून निघून गुडघ्याच्या खाली जाणारे तीन स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग. पळताना फाटतो तो बहुतेक वेळा त्यातला बाहेरच्या बाजूचा, जिथे मांस आणि कंडरा एकमेकांत मिसळतात तिथे. पाय पुढे झेपावतो, गुडघा सरळ होऊ लागतो आणि पाऊल जमिनीला लागायच्या जरा आधी हा स्नायू त्या पायाला ब्रेक लावतो. त्या क्षणी तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. बैलाने गाडी पुढे ओढावी आणि आपण दोर धरून मागे खेचावं, तसं. दोर तुटतो तो तेव्हा.

हा ब्रेक किती जोराने लागतो, ते वेगावर ठरतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली धावपटूंच्या हालचाली मोजून गणित मांडलं. पूर्ण वेगाच्या ८० टक्क्यांवर हॅमस्ट्रिंगवर शरीराच्या दर किलोमागे ३६ न्यूटन जोर येत होता, १०० टक्क्यांवर तो ५२ झाला. वेग पाव पटीने वाढला आणि जोर जवळजवळ दीडपटीला गेला. म्हणजे शेवटचे २० टक्केच खरे अवघड.

आता आपल्या पोराचं सोळाशे मीटर घ्या. पुरुषांच्या मैदानी चाचणीत पूर्ण २० गुण हवे असतील तर ते ५ मिनिटं १० सेकंदांत संपवावं लागतं, म्हणजे सेकंदाला ५.१६ मीटर. हाच मुलगा शंभर मीटर साडेबारा सेकंदांत काढत असेल, तर मधल्या पट्ट्यात, वेग धरल्यावर, तो सेकंदाला पावणेनऊ मीटरच्या आसपास धावत असतो. सोळाशेचा चांगल्यात चांगला वेग त्याच्या खऱ्या वेगाच्या साठ टक्केही भरत नाही! आरामात मारलेल्या सोळाशेने फक्त सोळाशे मारता येतं एवढंच सिद्ध होतं.

मग दुखणं का थांबतं? सूज आणि साकळलेलं रक्त ओसरतं म्हणून. फाटलेल्या जागी व्रण भरायला लागलेला असतो, पण स्नायू लांबलेल्या अवस्थेत जोर लावायचं विसरलेला असतो. चालताना, जॉगिंग करताना तो तेवढा लांबतच नाही, त्यामुळे उणीव कळत नाही. कळते ती थेट शंभर मीटरला.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "पण रोहित शर्मा तर तीन आठवड्यांत खेळला की!" खेळला, खरं आहे. १८ ऑक्टोबर २०२० ला आयपीएलमध्ये त्याची हॅमस्ट्रिंग दुखावली, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो मैदानात परतला आणि १० नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात त्याने ६८ धावा काढल्या. पुढचं मात्र कोणी सांगत नाही. त्यानंतर तो बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत ताकदीच्या तयारीसाठी गेला, ऑस्ट्रेलियातले एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्याने सोडले आणि तंदुरुस्तीच्या चाचणीत तो पास झाला ११ डिसेंबरला. धावा काढायला जेवढी मांडी लागते तेवढी आधी तयार झाली होती, बाकीची व्हायला आणखी महिना गेला.

आता टप्पे. अंबड तालुक्यातल्या एका मुलाचं उदाहरण घेतो. शंभर मीटरच्या सरावात त्याला चमक निघाली. मांडीमागे वीतभर जागा दाबली की दुखायची, तिसऱ्या दिवशी थोडं काळंनिळं झालं. मध्यम प्रतीची फाट.

पहिले दोन दिवस बर्फ आणि छोटी पावलं. टाच उचलून लंगडण्यापेक्षा पाऊल लहान करून सरळ चाललेलं बरं. तिसऱ्या दिवसापासून पाठीवर झोपून, गुडघा जरा वाकवून, टाच जमिनीत दाबून धरायची, दहा सेकंद, दहा वेळा. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. घरच्यांना हे अघोरी वाटलं, पूर्ण आराम हवा म्हणाले. डेन्मार्कमध्ये ५० खेळाडूंवर हेच तपासलं गेलं आणि २०१७ साली छापून आलं. ज्यांनी दुसऱ्या दिवशी हलका व्यायाम सुरू केला ते साधारण ६३ दिवसांत खेळात परतले, नवव्या दिवसापर्यंत थांबलेल्यांना ८३ लागले. आरामाची किंमत जवळजवळ तीन आठवडे.

सहाव्या दिवशी तो वीस मिनिटं भरभर चालला, जिना चढला-उतरला, लंगड नव्हती. चालण्यातून जॉगिंगकडे जायची परवानगी त्या लंगड नसण्यावर मिळते, तारखेवर नाही. मग दोन मिनिटं चाल, एक मिनिट जॉग. चौदाव्या दिवशी तो सलग पळत होता, दुखत नव्हतं, आणि ते ठरलेलं वाक्य त्याने मला ऐकवलंच.

मी त्याला झोपवलं, एक टाच खुर्चीवर ठेवायला लावली आणि कंबर उचलायला सांगितली. चांगल्या पायावर २६ वेळा, दुखऱ्या पायावर १७. तो स्वतःच गप्प झाला.

पुढचे दोन आठवडे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात मोलाचे. इथे स्नायूला लांबलेल्या अवस्थेत जोर लावायला पुन्हा शिकवायचं असतं. एका पायावर उभं राहून कमरेतून हळू पुढे झुकणं. गुडघे टेकून, मित्राने घोटे दाबून धरलेले असताना सगळं अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे पडत जाणं. स्वीडनमध्ये आस्कलिंग यांनी ७५ फुटबॉलपटूंवर तुलना केली होती. लांबलेल्या अवस्थेतले व्यायाम करणारे सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम करणारे ५१ दिवसांत. आमच्या पोराचा आकडा अठ्ठाविसाव्या दिवशी २४ वर आला, दाबल्यावरचं दुखणं गेलं, आणि तेव्हा कुठे घड्याळ काढलं.

वेगाचा टप्पा 'अंदाजे सत्तर टक्के पळ' असं सांगून होत नाही, कारण जोशात पोरांचे सत्तर टक्के नव्वद असतात. चुन्याने ३० मीटरचा पट्टा आखायचा, त्याआधी ३० मीटर वेग धरायला आणि नंतर ४० मीटर हळूहळू थांबायला ठेवायचे. धडधाकट असताना हा पट्टा तो ३.४ सेकंदांत काढायचा. त्याला ०.८ ने भागलं की ८० टक्क्यांची वेळ निघते, ४.२५ सेकंद. ७० टक्क्यांना साधारण ४.९, ९० ला ३.८, ९५ ला ३.६. शेवटच्या दोन आकड्यांत फरक एवढा थोडा की हातातलं घड्याळ तिथे फसवतं. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून मोजलं तर जमतं.

एक दिवसाआड, एका वेळी सहा धावा, आणि एका वेगावर किमान दोन सत्रं नीट गेल्याशिवाय पुढचा वेग नाही. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. मांडी आखडलेली किंवा दाबल्यावर दुखरी असेल तर एक पायरी खाली. ८५ टक्क्यांच्या सत्रानंतर याची मांडी तशी झाली, आम्ही ८० वर उतरलो, चार दिवस गेले. ब्लॉकमधून सुटणं आणि पूर्ण शंभर मीटर अगदी शेवटी.

त्याआधी आस्कलिंगचीच एक सोपी परीक्षा. पाठीवर झोपायचं, गुडघा सरळ बांधायचा आणि पाय जमेल तेवढ्या झटक्याने वर उडवायचा. ही परीक्षा बाकी सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्यावरच करायची, दुखऱ्या मांडीवर कधीच नाही. पाय दुखला नाही, पण उडवताना मन कचरलं, तरी नापास. आमचा पोरगा एकदा नापास झाला, आठवड्याने पास झाला. पूर्ण वेगाने शंभर मीटर तो पळाला त्यानंतरच.

बाकीचे गैरसमज चटकन उरकतो. पहिल्या दिवसांत जोरात मालीश करून शीर 'बसत' नाही, आतला रक्तस्राव वाढतो. ताण दे, ताण दे, हाही तसाच हट्ट; २००४ साली छापलेल्या एका अमेरिकी तुलनेत फक्त ताण आणि ताकदीच्या व्यायामावर ठेवलेल्या ११ जणांपैकी ६ जणांची मांडी परतल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा गेली, आणि हालचाल व कंबर-पोटाच्या स्थिरतेचे व्यायाम केलेल्या १३ पैकी एकाचीही नाही. एमआरआय स्वच्छ येईपर्यंत थांबायचं म्हणाल तर बसून राहाल, कारण बरे होऊन परतलेल्या खेळाडूंपैकी बहुतेकांच्या एमआरआयमध्ये डाग दिसतातच. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटच्या महागड्या इंजेक्शनाने लवकर परतता येतं, हे नेदरलँड्समध्ये ८० खेळाडूंवर तपासलं, फरक पडला नाही.

एका बाबतीत मात्र घरी प्रयोग नकोत. 'टक्' असा आवाज झाला, बसायच्या हाडाजवळ दुखतंय, बसवत नाही, मांडीभर काळंनिळं उतरलंय, तर कंडरा हाडापासून सुटली असू शकते. अशा वेळी आठवडे घालवू नका, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया लागलीच तर ती लवकर केलेली सोपी जाते.

आणि ज्यांची मांडी आज धडधाकट आहे त्यांनी या रविवारी मैदानावर ३० मीटर आखून आपली वेळ वहीत लिहून ठेवा. मांडी गेल्यावर तो आकडा कुठूनही मिळत नाही.