शास्तीविरुद्धचं अपील: प्रक्रियेतली चूक आणि शिक्षेचं प्रमाण

मागच्या व्याख्यानात आपण दोषारोपपत्राला उत्तर कसं द्यायचं ते पाहिलं. आज त्यापुढचा टप्पा घेऊ. विभागीय चौकशी संपली आहे आणि शास्तीचा आदेश हातात पडला आहे. आता अपिलात लिहायचं काय?

एक काल्पनिक उदाहरण धरू. तालुक्याच्या कार्यालयातला एक लिपिक, नोकरी १६ वर्षांची. आई रुग्णालयात होती म्हणून तो रजा मंजूर नसताना २२ दिवस गैरहजर राहिला. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ८ प्रमाणे चौकशी झाली, आरोप सिद्ध धरला गेला आणि त्याला सेवेतून काढून टाकण्यात आलं. चौकशी अहवाल त्याला पहिल्यांदा दिसला तो आदेशासोबतच. शिवाय आदेशात एक वाक्य आहे, ‘यापूर्वीही दोनदा समज देण्यात आली होती.’ दोषारोपपत्रात मात्र या गोष्टीचा उल्लेखच नव्हता.

आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करायचं असतं. अशा वेळी रागाच्या भरात साहेबांवर चार पानं लिहिली जातात आणि कामाचा मुद्दा शेवटच्या ओळीत राहतो. अपिलीय प्राधिकाऱ्याला तीन गोष्टी पाहायच्या असतात. प्रक्रिया पाळली का? निष्कर्षाला पुरावा आहे का? आणि शास्ती पुरेशी, कमी की जास्त आहे? आपल्या लिपिकाला गैरहजेरी नाकारता येत नाही, म्हणून त्याचा भर पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर.

प्रक्रियेपासून सुरुवात करू. शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने निर्णय घेण्याआधी चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये बी. करुणाकर प्रकरणात स्पष्ट केलं. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. प्रत दिली नाही एवढ्यावर आदेश आपोआप रद्द होत नाही. प्रत न मिळाल्यामुळे आपलं काय नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. म्हणून ‘नैसर्गिक न्यायाचा भंग झाला’ एवढंच लिहून भागत नाही. आपला लिपिक असं लिहील: ‘चौकशीत मी आईची रुग्णालयाची कागदपत्रं दाखल केली होती. अहवालात त्यांचा उल्लेखही नाही. अहवाल आधी मिळाला असता तर ही चूक मी निर्णयापूर्वीच निदर्शनास आणली असती.’ आता चूक आणि नुकसान यांची सांगड बसली.

जुन्या समजेचंही तसंच. शिक्षा ठरवताना मागच्या वर्तनाचा आधार घ्यायचा असेल तर कर्मचाऱ्याला ते आधी कळवून बोलू द्यायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच मांचे गौडा प्रकरणात सांगितलं होतं.

मात्र प्रक्रियेचा मुद्दा जिंकला तरी बहुतेक वेळा प्रकरण चुकलेल्या टप्प्यावर परत जातं आणि तिथून पुन्हा सुरू होतं. तीच शिक्षा परत होऊ शकते. म्हणून शिक्षेच्या प्रमाणाचा मुद्दा स्वतंत्र मथळ्याखाली मांडायचा. सुरुवातीला ‘वरील मुद्द्यांना बाधा न येता’ असं लिहावं, म्हणजे शिक्षा कमी मागणं ही कबुली ठरत नाही.

हा मुद्दा अपिलातच पूर्ण मांडण्याचं कारण असं. अपिलीय प्राधिकारी शिक्षा जास्त वाटली तर स्वतः कमी करू शकतो. पुढे मॅटमध्ये किंवा उच्च न्यायालयात गेल्यावर ही मोकळीक उरत नाही. बी. सी. चतुर्वेदी प्रकरणाने १९९५ मध्ये घालून दिलेली कसोटी अशी, की न्यायालयाच्या विवेकाला धक्का बसावा इतकी शिक्षा विषम असेल तरच हस्तक्षेप. नुसती ‘थोडी जास्त’ शिक्षा तिथे बदलत नाही.

मग प्रमाण दाखवायचं कसं? ‘मी गरीब आहे, मुलं लहान आहेत’ याने दया येईल, पण मुद्दा उभा राहणार नाही. आपला लिपिक चार गोष्टी सांगेल. गैरहजेरी २२ दिवसांची होती. कारण कागदोपत्री आहे. पैशाचा गैरव्यवहार किंवा अप्रामाणिकपणाचा आरोपच नाही. आणि १६ वर्षांच्या सेवेत आधी एकही शास्ती झालेली नाही. मग तो विचारेल, ठपका ठेवणं, वेतनवाढ रोखणं असे सौम्य पर्याय नियमांत असताना ते का पुरले नसते, याचं एकही कारण आदेशात का नाही? आणि शेवटी तो नेमकं मागेल: आदेश रद्द करावा, ते शक्य नसल्यास किरकोळ शास्तीवर प्रकरण संपवावं.

एक धोका ध्यानात ठेवू. अपिलीय प्राधिकाऱ्याला, संधी देऊन, शिक्षा वाढवण्याचाही अधिकार असतो. आपल्या लिपिकाची नोकरी गेलेलीच आहे, तरी काढून टाकण्याच्या वर बडतर्फी उरतेच. ज्याची फक्त एक वेतनवाढ रोखली आहे, त्याने तर अपिलाआधी आपली फाईल पुन्हा एकदा नीट वाचावी.