खांब गुलाबी का झाला नाही?

डोंबिवलीतल्या एका सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. इमारत 1988 सालची, तळमजला अधिक तीन मजले, 32 घरं. आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. विषयपत्रिकेवरचा सातवा विषय होता, खांब-तुळयांच्या दुरुस्तीसाठी निधी उभारण्याचा. तो याआधी तीन सभांमध्ये आला होता आणि तिन्ही वेळा ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून मागे पडला होता.

आधीच्या सभांमध्ये कमिटीने नेहमीचीच वाट धरली होती. कुठे इमारत पडली त्याच्या बातम्या वाचून दाखवल्या, सगळ्यांना घाबरवलं आणि शेवटी एकदम लाखांचा आकडा सांगितला. भीती रात्रीत ओसरते, आकडा तेवढा लक्षात राहतो. ह्या वेळी नव्या अध्यक्षाबाई उभ्या राहिल्या. बँकेच्या कर्जविभागात त्यांची नोकरी झालेली. त्यांच्यासमोर टेबलावर स्टीलच्या ताटलीत काँक्रीटचा मनगटाएवढा जाड दंडगोल होता, जिन्याजवळच्या खांबातून ड्रिलने काढलेला.

“मंडळी, आधी हे बघा, मग पैशांचं बोलू,” असं म्हणून त्यांनी स्ट्रक्चरल ऑडिट केलेल्या इंजिनिअरला पुढे बोलावलं. त्यांनी तो दंडगोल उभा फोडला आणि ताज्या भेगेवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. आतला भाग झटकन गर्द गुलाबी झाला. बाहेरच्या बाजूचा पट्टा मात्र होता तसाच राखाडी राहिला. इंजिनिअरनी पट्टी लावून मोजलं, 32 मिलिमीटर.

“गुलाबी म्हणजे काँक्रीट अजून निरोगी. आपल्या खांबातल्या सळ्या बाहेरून 25 मिलिमीटरवर आहेत. म्हणजे त्या कुठल्या भागात आहेत ते तुम्हीच सांगा,” बाई म्हणाल्या. पुढच्या रांगेतले काका हळूच म्हणाले, “राखाडी.”

सगळ्या भाषणाचा कणा हाच होता. नवं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्या गुणामुळेच आतल्या सळीला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो, तसतसा हा गुण बाहेरून आत संपत येतो. तो थर सळीपर्यंत पोहोचला की सळीचं कवच गेलं. त्यात गच्चीतून किंवा मोरीतून पाणी मुरत असेल तर गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो काँक्रीटला आतून ढकलतो. मग सळीच्या रेषेत उभी तडा जाते, पापुद्रा सुटतो आणि एक दिवस खपली पडते.

आपण त्या खपलीवर प्लॅस्टर मारून रंग देतो. ह्या सोसायटीनेही दोनदा तेच केलं होतं. तडा त्याच रेषेत परत उमटली, कारण गंज आतच होता. बाईंनी दोन ऑडिट अहवाल शेजारी धरले. पाच वर्षांपूर्वी 28 पैकी 6 खांब खराब होते, आता 17 आहेत. तेव्हाचा अंदाज 24 लाखांचा होता, आताचा 42 लाखांचा. हा फरक निव्वळ महागाईचा नाही. सळी वरवर गंजलेली असते तोवर काँक्रीट खरवडून, सळी साफ करून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने भरता येतं. सळीची जाडीच घटली की नवी सळी जोडावी लागते, खांबाला भोवतीने नवं आवरण, म्हणजे जॅकेटिंग, करावं लागतं आणि तोवर मजला टेकूंवर पेलावा लागतो. थांबलं की कामाची जातच बदलते.

मग पैशांचा विषय निघाला. इथे त्यांनी 42 लाख हा आकडा हवेत सोडला नाही, त्याची फोड केली. सिंकिंग फंडाच्या ठेवीत 8 लाख 40 हजार आहेत. आर्किटेक्टचा दाखला आणि सभेची मंजुरी असेल तर तो निधी अशा भारी दुरुस्तीला वापरता येतो. उरले 33 लाख 60 हजार. मोठ्या दुरुस्तीचा निधी आदर्श उपविधींप्रमाणे घराच्या क्षेत्रफळावर आकारतात. सगळ्या घरांचं मिळून 16,800 चौरस फूट, म्हणजे फुटाला 200 रुपये. “450 फुटांच्या घराला 90 हजार, 600 फुटांच्या घराला 1 लाख 20 हजार. बारा हप्ते केले तर महिन्याला साडेसात हजार किंवा दहा हजार.” प्रत्येकाला आपापला आकडा कळला आणि कुजबूज थांबली.

तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “गच्ची वरच्यांची, खर्च आमचा का?” बाई म्हणाल्या, “काकू, गच्ची सगळ्यांची सामाईक आहे आणि हा खर्च मुख्यतः खांबांचा आहे. सर्वांत जास्त भार तळमजल्याचेच खांब उचलतात.” एका तरुणाचा प्रश्न होता, रीडेव्हलपमेंट होणारच असेल तर पैसे कशाला घालवायचे? हा प्रश्न रास्त होता आणि बाईंनी तो झटकला नाही. “विकासक निवडणं, करार, परवानग्या ह्यात वर्षं जातात. तोवर आपण ह्याच खांबांवर झोपणार आहोत. करार हातात असता तर मीच म्हटलं असतं, फक्त टेकू आणि अत्यावश्यक काम करू. आज तो नाही.” दुरुस्तीने इमारत नवी होत नाही, गळती पुन्हा सुरू झाली तर गंजही परत येईल, हेही त्यांनी सांगून टाकलं. म्हणून गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पाइप बदलणं ह्याच अंदाजात धरलं होतं.

खरी शंका मात्र कोणी उघड बोलत नव्हतं: पैसे जाणार कुठे? बाईंनीच तो विषय काढला. निधीचं बँकखातं वेगळं राहील. कंत्राटदाराला ठोक रक्कम न देता इंजिनिअरने जागेवर मोजलेल्या कामाचेच पैसे मिळतील. खांब फोडला की आत अंदाजापेक्षा जास्त गंज निघतो आणि बिल तिथेच फुगतं, म्हणून प्रत्येक खांबाचे भरण्याआधीचे फोटो नोटिसबोर्डवर लागतील. अंदाजाच्या दहा टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर पुन्हा सभा बोलावली जाईल.

भाषण चांगलं झालं तरी ठराव कच्चा असेल तर सगळं वाया जातं. निधीचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ ह्यात घुसवला की नाराज सभासद त्यालाच आव्हान देतो. इथे तो रकमेसह नोटिशीत होता आणि नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी वाटली होती. गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा 20 सभासद, ह्यांतली कमी संख्या लागते. हजर 26 होते. ठरावात एकूण रक्कम, फुटाचा दर, हप्त्यांच्या तारखा, खातं आणि इंजिनिअरची जबाबदारी असं सगळं लिहून ते वाचून दाखवलं. बाजूने 19, विरोधात 5, तटस्थ 2. असा ठराव विरोधात मत दिलेल्यांवर आणि गैरहजर राहिलेल्यांवरही बंधनकारक असतो.

तुमच्या इमारतीला पंधरा वर्षं झाली असतील तर उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी आणि तीस उलटली असतील तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला हवं. पुढच्या सभेला जाण्याआधी सेक्रेटरींकडे शेवटचा अहवाल मागा आणि त्यात दोनच गोष्टी शोधा: काँक्रीट किती मिलिमीटर निकामी झालंय आणि सळी किती मिलिमीटरवर आहे. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणू नका.