मीटर चांगला, पण वायरी?

लॅमिंग्टन रोडवर मल्टिमीटर घ्यायला गेलेला माणूस डिस्प्ले बघतो, रेंज बघतो, भावात घासाघीस करतो. खोक्यात गुंडाळून ठेवलेल्या लाल-काळ्या वायरी तो घरी गेल्यावरच उलगडतो. पुढे कधीतरी त्यातली एक मुळाशी तुटते. मग मिळेल ती जोडी आणली जाते, नाहीतर रंगीबेरंगी क्रोकोडाइल क्लिपांच्या जुडीतल्या दोन वायरी कामाला लागतात. मीटरवर ‘कॅट थ्री, ६०० व्होल्ट’ असं छापलेलं असतं खरं, पण आता त्याला अर्थ उरलेला नसतो. मीटर, लीड आणि टोकाची क्लिप या तिघांत ज्याचं रेटिंग सर्वांत कमी, तेच तिघांचं रेटिंग.

हे ‘कॅट’ प्रकरण बहुतेकांना कोड्यात टाकतं. घरात वीज २३० व्होल्टची, मग ३०० व्होल्टची वायर का पुरू नये? कारण हे रेटिंग रोजच्या २३० व्होल्टपुरतं नसतं. वीज कोसळली, जवळची मोठी मोटर बंद झाली किंवा रोहित्रावर काही घडलं, की लाइनवर काही मायक्रोसेकंदांसाठी हजारो व्होल्टचा झटका येतो. तो तुमच्या वायरीत ठिणगी पाडून जातो. झटका संपतो, पण ठिणगीने हवेतून वाट करून दिलेली असते आणि त्या वाटेने आता मुख्य लाइनचा प्रवाह वाहू लागतो. भाजतं ते त्याने.

म्हणून मोजमाप कुठे चाललंय, याला व्होल्टेजइतकंच महत्त्व आहे. प्लगवर चालणाऱ्या उपकरणांसाठी कॅट टू, भिंतीतलं वायरिंग आणि डीबीसाठी कॅट थ्री, तर वीज मंडळाच्या मीटरपाशी आणि त्याच्या अलीकडच्या सर्व्हिस वायरवर कॅट फोर. चाचणीतला फरक पाहा. कॅट टू १००० व्होल्ट आणि कॅट थ्री ६०० व्होल्ट, दोन्हींची परीक्षा ६००० व्होल्टच्या झटक्यानेच होते. पण पहिल्यात झटक्यामागे १२ ओहमचा अडथळा असतो, दुसऱ्यात फक्त २ ओहमचा. म्हणजे एकीकडे जास्तीत जास्त ५०० अँपिअर, दुसरीकडे ३०००. घरातल्या नळाच्या आणि रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीच्या पाण्याचा दाब सारखा भरला, तरी फुटल्यावर काय होतं ते सारखं नसतं. त्यामुळे ‘१०००’ हा आकडा मोठा म्हणून ती लीड डीबीवर चालेल, हा हिशेब चुकतो. आणि ज्या लीडवर नुसतं ‘१००० व्होल्ट, २० अँपिअर’ छापलंय, कॅटचा पत्ताच नाही, तिच्याबद्दल मी काहीच गृहीत धरणार नाही.

प्रोबसाठीचं मानक आयईसी ६१०१०-०३१. त्याचा परिणाम हाताला जाणवतो, तो टोकाशी. कॅट टूच्या प्रोबचं उघडं धातूचं टोक १९ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण कॅट थ्री आणि फोरसाठी मर्यादा ४ मिलिमीटरची. डीबीत दोन फेज शेजारी असतात आणि लांब टोक तिरकं झालं की दोन्हींना टेकतं. चांगल्या प्रोबवर म्हणूनच काढता-घालता येणारी टोपी असते. टोपी घातली तर कॅट थ्री, काढली तर कॅट टू, असं प्रोबवरच लिहिलेलं असतं. ती टोपी पहिल्याच दिवशी हरवणारे कारागीर कमी नाहीत.

आता रिपेअरच्या टेबलावरचं एक रोजचं काम घेऊ. टीव्हीचा एसएमपीएस बोर्ड मेला आहे आणि मोठ्या कपॅसिटरवर डीसी येतो का, ते पाहायचंय. २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून गेल्यावर कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत. १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्यात सहा ज्यूलच्या वर ऊर्जा साठते, आणि प्लग काढला तरी ती काही वेळ तिथेच राहू शकते. त्याच्या दोन पायांमधलं अंतर साधारण १० मिलिमीटर. जुडीतल्या क्लिपचा उघडा जबडा तेवढं अंतर सहज गाठतो. शिवाय तिची प्लास्टिकची स्लीव्ह मागे सरकते आणि दाबायच्या जागीच धातू उघडा पडतो. बोटं नेमकी तिथे असतात.

पण म्हणून क्लिप वापरूच नये, असं नाही. उलट या कामाला क्लिपच बरी, कारण बोर्ड चालू असताना हात लांब राहतात. फक्त ती पूर्ण आवरणाची, रेटिंग छापलेली, लीडच्या टोकाला घट्ट बसणारी हवी. आधी प्लग काढायचा. कपॅसिटरवर किती व्होल्ट उरलेत ते मोजायचं. उरले असतील तर १० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आवरण असलेल्या क्लिपांनी सहा-सात सेकंद जोडून ते उतरवायचे आणि परत मोजायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची पद्धत सर्रास चालते, पण त्यात पाय वितळतात आणि डोळ्यांत ठिणगी उडते. मग काळी क्लिप ऋण पायाला, लाल धन पायाला, मीटर डीसी रेंजवर, हात बाजूला, आणि त्यानंतरच प्लग. आकडा वाचून झाला की पुन्हा सगळं उलट क्रमाने. एक गोष्ट नवशिक्यांना चकवते: हा ऋण पाय म्हणजे अर्थिंग नव्हे. ब्रिजनंतरच्या त्या ‘ग्राउंड’ला हात लावला तरी शॉक बसतो, आणि ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप तिथे लावली तर मोठा आवाज होऊन काहीतरी जळतं.

वायरीचं दुसरं टोक मीटरच्या बाजूचं, बनाना प्लगचं. बेंच पॉवर सप्लायच्या जुन्या लीडला ४ मिलिमीटरची उघडी पिन असते, आणि एकावर एक बसवता येणाऱ्या प्लगमध्ये मागेही धातू दिसतो. १२ व्होल्टवर ही मोठी सोय. फेजला लावलेली लीड मात्र मीटरमधून निसटली, तर टेबलावर २३० व्होल्टची नागडी पिन पडते. म्हणून मीटरच्या प्लगभोवती पक्कं आवरण असतं. ते जुन्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ब्लेडने कापणारेही भेटतात! अँपिअरच्या सॉकेटमध्ये लाल लीड विसरून व्होल्टेज मोजणं हा आणखी एक धोका. तिथे मीटर जवळजवळ सरळ तारेसारखा असतो, आणि मग आत कोणता फ्यूज आहे यावर सगळं ठरतं.

लीड तपासायला मिनिटही लागत नाही. मीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं टेकवा. ०.१ ते ०.३ ओहम दिसेल. मग प्लगपाशी आणि प्रोबपाशी वायर वाकवून बघा. आकडा उड्या मारू लागला तर आत तारा तुटल्या आहेत. अशी लीड फेजवर शून्य दाखवते, आणि माणूस वायर बंद समजून हात घालतो. यासाठीच वीज बंद केल्यावर जाणते वायरमन मीटर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर लावून बघतात, मग कामाच्या वायरवर, आणि परत त्या सॉकेटवर.

काही चांगल्या लीडमध्ये लाल किंवा काळ्या आवरणाखाली पांढरा थर असतो. तो दिसू लागला की लीड बाद. चिकटपट्टी गुंडाळून ती वाचत नाही. बाद लीडचे प्लग कापून टाकावेत, नाहीतर कुणीतरी ती ड्रॉवरमधून परत काढतो. उरलेल्या वायरीला क्लिपा सोल्डर केल्या तर १२ व्होल्टच्या कामाला ती जुडीतल्या वायरींपेक्षा चांगली ठरते: त्या जुडीत कित्येकदा तार सोल्डर न करता नुसतीच चेपलेली असते, आणि दोन वायरींत मिळून ०.४ ओहम गेला तर २ अँपिअरवर ०.८ व्होल्ट वाटेतच संपतात.