स्वस्त काय: कापड की पिशवी?

वाक्यातले शब्द कानावर एकामागून एक पडतात, पण त्यांची जोडणी अशी सरळ रांगेत झालेली नसते. आधी जवळचे शब्द मिळून छोटे गट होतात, ते मोठ्या गटांत सामावतात आणि त्यातून वाक्य उभे राहते. ही जोडणी दाखवणारी आकृती म्हणजे वाक्यवृक्ष. तो उलटा काढतात: वर वाक्य, तळाशी शब्द.

नोम चॉम्स्कीने १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये मांडलेल्या नियमांत पहिली फूट अशी पडते: वाक्य म्हणजे नामपदबंध आणि क्रियापदबंध. ‘शेजारच्या शिंप्याने स्वस्त कापडाची पिशवी शिवली’ या वाक्यात ‘शेजारच्या शिंप्याने’ हा नामपदबंध, उरलेला सगळा क्रियापदबंध. त्या क्रियापदबंधाच्या पोटात ‘शिवली’ हे क्रियापद आणि आणखी एक नामपदबंध, ‘स्वस्त कापडाची पिशवी’. इंग्रजीत क्रियापद या कर्माच्या आधी येते, मराठीत नंतर. गट मात्र तोच राहतो.

हे गट मनाने पाडलेले नाहीत, याची परीक्षा घेता येते. पहिल्या गटाऐवजी ‘त्याने’ आणि कर्माऐवजी ‘ती’ घातले तर ‘त्याने ती शिवली’ हे चोख वाक्य मिळते. ‘त्याच्या मुलानेही तेच केले’ असे पुढे जोडले, तर ‘तेच केले’ हे शब्द अख्ख्या क्रियापदबंधाची जागा घेतात. ‘शिंप्याने स्वस्त’ हे शब्द शेजारी आहेत खरे, पण त्या जोडीऐवजी एकच शब्द घालता येत नाही.

खरी गंमत कर्माच्या गटात आहे. स्वस्त काय, कापड की पिशवी? शब्द तेच, क्रम तोच, तरी वृक्ष दोन होतात:

[[स्वस्त कापडाची] पिशवी]
[स्वस्त [कापडाची पिशवी]]

पहिल्यात कापड स्वस्त. पिशवी महागही असू शकेल. दुसऱ्यात पिशवीच स्वस्त. ‘स्वस्त’ हे विशेषण रूप बदलत नाही, म्हणून हा घोळ. त्याजागी ‘जुना’ घेतले की मराठीच निवाडा करते: ‘जुन्या कापडाची पिशवी’ म्हटले की विशेषण कापडाच्या फांदीवर, ‘जुनी कापडाची पिशवी’ म्हटले की पिशवीच्या. क्रियापदही असाच पुरावा देते. ‘शिवली’ हे स्त्रीलिंगी रूप ना शिंप्याचे, ना कापडाचे. ते पिशवीमुळे आले, कारण कर्माच्या नामपदबंधात मुख्य नाम तेच आहे.

अडचण येते ती शब्दक्रम बदलल्यावर. ‘स्वस्त कापडाची पिशवी शेजारच्या शिंप्याने शिवली’ हेही बिनचूक मराठी आहे. इथे कर्माचा नामपदबंध अखंड पुढे सरकला, पण क्रियापदबंधाच्या मधोमध कर्ता येऊन बसला. चॉम्स्कीच्या परंपरेतले अभ्यासक म्हणतात, कर्माची फांदी मूळ जागेवरून वर हलवली गेली. अवलंबन-व्याकरण मानणारे क्रियापदबंधाची पायरीच गाळतात आणि ‘शिंप्याने’ व ‘पिशवी’ हे दोन्ही शब्द थेट ‘शिवली’ला जोडतात.