प्लाझ्मिड गुणसूत्रापासून वेगळे कसे होते?

ई. कोलाय या जिवाणूचे गुणसूत्र सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचे असते. त्याच पेशीत pUC19 सारखे २,६८६ जोड्यांचे छोटे गोल प्लाझ्मिडही असू शकते. रसायन म्हणून दोन्ही डीएनएच. मग त्यातले प्लाझ्मिड तेवढे बाहेर कसे काढायचे? बर्नबॉइम आणि डॉली यांनी १९७९ मध्ये दिलेली अल्कधर्मी पद्धत आजही प्रयोगशाळांत रोज वापरली जाते.

रात्रभर वाढवलेल्या जिवाणूंचे दीड मिलिलिटर द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की पेशी नळीच्या तळाशी बसतात. वरचे पाणी काढून टाकून त्या पहिल्या द्रावणाच्या १०० मायक्रोलिटरमध्ये गुठळी न ठेवता मिसळायच्या. यातले ट्रिस सामू ८ वर ठेवते आणि ग्लुकोज पेशी अवेळी फुटू देत नाही. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवते. त्यामुळे पेशीचे बाहेरचे आवरण सैल पडते आणि डीएनए तोडणारी विकरे निकामी होतात. आरएनए नष्ट करणारे विकरही बहुधा इथेच घालतात.

दुसऱ्या द्रावणाच्या २०० मायक्रोलिटरमध्ये ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस असते. ते ताजेच बनवावे, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कली कमजोर करतो. एसडीएस आवरणे विरघळवते आणि प्रथिने उलगडते. अल्कलीमुळे डीएनएच्या दोन धाग्यांमधले हायड्रोजन बंध तुटतात. पेशी फुटताना लांबलचक गुणसूत्राचे तुकडे होतात, म्हणून त्याचे धागे एकमेकांपासून दूर जातात. प्लाझ्मिडचे दोन्ही धागे मात्र साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत ओवलेले असतात. बंध तुटले तरी ते जवळच राहतात. सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे.

तिसरे द्रावण आम्लयुक्त पोटॅशियम ॲसिटेटचे, १५० मायक्रोलिटर. ते पडताच सामू खाली येतो. प्लाझ्मिडचे धागे लगेच पुन्हा जुळतात. गुणसूत्राच्या धाग्यांना आपला जोडीदार सापडत नाही आणि त्यांचा गुंता होतो. त्याच क्षणी पोटॅशियम आणि एसडीएस यांचे न विरघळणारे मीठ बनते. नळीत दिसणाऱ्या पांढऱ्या गुठळ्या त्याच्याच. त्या प्रथिने आणि गुणसूत्राचा गुंता घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतात. वरच्या नितळ द्रवात अल्कोहोल घातले की प्लाझ्मिड साकळते.

दुसरे द्रावण घातल्यावर नळी फक्त हलकेच उलटी-सुलटी करायची. जोरात हलवली तर गुणसूत्राचे बारीक तुकडे होतात. ते प्लाझ्मिडबरोबर वरच्या द्रवात राहतात आणि जेलवर पसरट डाग पडतो. पाच मिनिटांहून जास्त वेळ अल्कलीत ठेवले तर उलट नुकसान होते. काही प्लाझ्मिडचे धागे पुन्हा नीट जुळतच नाहीत. जेलवर नेहमीच्या पट्टीच्या पुढे धावलेली एक जादा पट्टी दिसली, तर हेच घडले असे समजावे. त्या पट्टीतला डीएनए रिस्ट्रिक्शन विकरांनी नीट कापला जात नाही.